भाव उघडला कुठे, बंद झाला कुठे?

संध्याकाळच्या बातम्यांत शेअर बाजाराचा एकच आकडा ऐकू येतो. निर्देशांक कालच्यापेक्षा इतक्या अंकांनी वर गेला किंवा खाली आला, एवढंच. हा आकडा म्हणजे कालचा बंद भाव आणि आजचा बंद भाव यांतला फरक. पण त्या दोन भावांच्या मध्ये दोन वेगळ्या गोष्टी घडून गेलेल्या असतात. काल दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला तिथपासून आज सकाळी सव्वानऊला उघडेपर्यंत जगभरात काही ना काही घडलं आणि भाव नव्या जागी उघडला, ही पहिली गोष्ट. सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत प्रत्यक्ष सौदे झाले आणि खरेदीदार व विक्रेते यांच्या ओढाताणीत भाव कुठे तरी येऊन थांबला, ही दुसरी. बातमीतला आकडा या दोन्हींची बेरीज सांगतो.

रिलेटिव्ह व्हिगर इंडेक्स नावाचा इंडिकेटर यातली फक्त दुसरी गोष्ट मोजतो. बाजार चालू असताना जोर कोणाचा होता, एवढाच प्रश्न तो विचारतो. चार्टवर हा इंडिकेटर लावून हिरवी रेघ लाल रेघेला छेदून वर गेली की खरेदी आणि खाली आली की विक्री, असा सोपा नियम वापरणारे बरेच आहेत. त्या छेदामागे नेमकं काय मोजलेलं असतं हे समजलं, तर तो कधी खरा मानायचा आणि कधी सोडून द्यायचा याचा अंदाज बराच चांगला येतो.

एक साधं निरीक्षण

हा इंडिकेटर अमेरिकेतल्या जॉन एहलर्स यांनी मांडला. ते शिक्षणाने आणि पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. गोंगाटातून कामाचा संदेश कसा वेगळा काढायचा, या अभियांत्रिकीतल्या प्रश्नाची तंत्रं त्यांनी बाजारभावांना लावली. २००२ साली ‘टेक्निकल अ‍ॅनालिसिस ऑफ स्टॉक्स अँड कमोडिटीज’ या मासिकात त्यांनी हा इंडिकेटर समजावून सांगितला.

त्यामागचं निरीक्षण कोणत्याही जुन्या बाजारकऱ्याला पटेल असं आहे. तेजी असते तेव्हा शेअर सहसा उघडलेल्या भावापेक्षा वर बंद होतो, मंदी असते तेव्हा खाली. मग बंद भावातून उघडलेला भाव वजा केला की त्या दिवशीची निव्वळ चाल मिळते. पण दहा रुपयांची चाल मोठी की लहान? दिवसभरात भाव जेमतेम बारा रुपयांच्या पट्ट्यात फिरला असेल, तर दहा रुपये म्हणजे जवळजवळ एकतर्फी खेळ. तोच भाव पन्नास रुपये वरखाली झाला असेल, तर दहा रुपये म्हणजे दिवसभर झुंज आणि शेवटी थोडीशी सरशी. म्हणून निव्वळ चालीला दिवसाच्या उच्चांक-नीचांकातल्या अंतराने भागायचं. रस्सीखेचीत दोर एकूण किती इकडेतिकडे सरकला आणि शेवटी कुठे थांबला, यांची तुलना करावी तसं हे आहे.

उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान येतं. भाव नीचांकावर उघडून उच्चांकावर बंद झाला, तर अधिक एक. उच्चांकावर उघडून नीचांकावर बंद झाला, तर उणे एक. जिथे उघडला तिथेच बंद झाला, तर शून्य.

नावाबद्दल एक सूचना इथेच करतो. याचं लघुरूप RVI असं होतं आणि डोनाल्ड डोर्सी यांच्या रिलेटिव्ह व्होलॅटिलिटी इंडेक्सचंही लघुरूप तेच आहे. तो इंडिकेटर भावातला चढउतार मोजतो, त्याचा इथल्या हिशेबाशी संबंध नाही. काही चार्टिंग संकेतस्थळं घोळ टाळण्यासाठी आपल्या इंडिकेटरला RVGI म्हणतात. चार्टवर लावताना पूर्ण नाव वाचूनच निवडावं.

चार दिवसांचा हिशेब

एका दिवसाचं गुणोत्तर फार चंचल असतं. आज अधिक अर्धा, उद्या उणे पाव. म्हणून एहलर्स यांनी ते दोन टप्प्यांत गुळगुळीत केलं.

पहिल्या टप्प्यात चार दिवसांची भारित सरासरी घ्यायची. आजच्या आकड्याला वजन १, कालच्याला २, परवाच्याला २, तेरवाच्याला १. बेरजेला ६ ने भागायचं. हे १-२-२-१ वजन सहज सुचलं म्हणून घेतलेलं नाही. तीन दिवसांची साधी सरासरी काढून लागोपाठच्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढली, तर हीच वजनं येतात. त्यामुळे एक दिवस वर, एक दिवस खाली अशी दोन दिवसांची डुलकी यात पूर्ण नाहीशी होते, आणि तीन दिवसांनी तीच ती येणारी डुलकीही नाहीशी होते.

समजण्यासाठी एक काल्पनिक शेअर घेऊ.

पहिल्या दिवशी तो ५०० ला उघडला, ५०६ पर्यंत गेला, ४९६ पर्यंत उतरला आणि ४९८ ला बंद झाला. निव्वळ चाल उणे २, पट्टा १०.

दुसऱ्या दिवशी ४९८ ला उघडला, उच्चांक ५०४, नीचांक ४९५, बंद ५०१. चाल अधिक ३, पट्टा ९.

तिसऱ्या दिवशी ५०२ ला उघडला, उच्चांक ५०९, नीचांक ५००, बंद ५०७. चाल अधिक ५, पट्टा ९.

चौथ्या दिवशी ५०७ ला उघडला, उच्चांक ५१५, नीचांक ५०५, बंद ५१३. चाल अधिक ६, पट्टा १०.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चालींची भारित सरासरी अशी निघते: ६ अधिक ५ची दुप्पट अधिक ३ची दुप्पट वजा २, म्हणजे २०. भागिले ६, म्हणजे ३.३३. पट्ट्यांची सरासरी: १० अधिक १८ अधिक १८ अधिक १०, म्हणजे ५६. भागिले ६, म्हणजे ९.३३. एकाला दुसऱ्याने भागलं तर सुमारे ०.३६. पहिल्या दिवशीची पिछेहाट अजून हिशेबात आहे, पण तिचं वजन कमी झालं आहे.

दुसऱ्या टप्प्यात अशा दहा दिवसांच्या सरासऱ्यांची बेरीज करायची. चालींची बेरीज वेगळी, पट्ट्यांची वेगळी, आणि भागाकार सर्वांत शेवटी. हा क्रम महत्त्वाचा आहे. रोजचं गुणोत्तर काढून मग त्यांची सरासरी घेतली असती, तर एक रुपयाच्या पट्ट्यात फिरलेला सुस्त दिवस आणि तीस रुपयांच्या पट्ट्यात फिरलेला घमासान दिवस यांना सारखंच मत मिळालं असतं. बेरजा आधी केल्यामुळे ज्या दिवशी भाव जास्त फिरला, त्या दिवसाचं मत जास्त मोजलं जातं. पुढे याच गुणाचा त्रासही होतो, तो यथावकाश पाहू.

सिग्नल रेघ आणि छेद

इंडिकेटरची रेघ तयार झाली की तिचीच पुन्हा १-२-२-१ वजनाने सरासरी काढायची. ती सिग्नल रेघ. मूळ रेघेच्या मागून साधारण दीड दिवसाने ती चालते. मूळ रेघ वळली की मागून येणारी सिग्नल रेघ लगेच वळू शकत नाही, आणि तिथे दोघींचा छेद होतो.

समजा, पाच दिवसांत मूळ रेघेचे आकडे उणे ०.०७, उणे ०.१२, उणे ०.१५, उणे ०.१६ आणि उणे ०.१३ असे आले. चौथ्या दिवशीची सिग्नल रेघ निघते उणे ०.१२८. मूळ रेघ उणे ०.१६ वर, म्हणजे सिग्नलच्या खाली. पाचव्या दिवशी सिग्नल निघते उणे ०.१४५ आणि मूळ रेघ असते उणे ०.१३ वर, म्हणजे सिग्नलच्या वर. छेद झाला. नियमाने चालणाऱ्याच्या दृष्टीने हा खरेदीचा संकेत.

आता या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. छेद झाला त्या दिवशीही मूळ रेघ शून्याच्या खालीच आहे. म्हणजे गेल्या दहा-बारा दिवसांचा एकत्र हिशेब केला, तर बाजार चालू असताना विक्रेतेच वरचढ होते. बदललं एवढंच की त्यांची सरशी कालच्यापेक्षा थोडी कमी झाली. छेदाचा अर्थ इतकाच असतो. खरेदीदारांनी बाजार हातात घेतला, असं तो म्हणत नाही. ते सांगायला रेघेने शून्य ओलांडावं लागतं आणि ते पुष्कळदा बऱ्याच दिवसांनी घडतं, काही वेळा घडतच नाही. शून्यापासून दूर, खोलवर झालेला वरचा छेद आणि शून्याजवळ रेंगाळताना झालेला छेद यांत फरक करायचा तो यासाठी. बाजार एका जागी घुटमळत असतो तेव्हा दोन्ही रेघा शून्याजवळ वेणीसारख्या गुंतलेल्या दिसतात आणि दर दोन-तीन दिवसांनी छेद होतो. त्या प्रत्येक छेदावर शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्याला डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का रोखे व्यवहार कर भरावा लागतो, शिवाय इतर शुल्क. भाव जागच्या जागी असतानाही भांडवल झिजत जातं.

दहाच दिवस का?

या दहा दिवसांमागेही गणित आहे. एहलर्स बाजाराच्या चालीकडे लाटांच्या चष्म्यातून पाहतात. साधारण दहा दिवस वर आणि दहा दिवस खाली अशी वीस दिवसांची लाट असेल, तर दहा दिवसांच्या चालींची बेरीज त्या लाटेबरोबर छान चालते. कारण लाट तळाला असते तेव्हा मागचे दहा दिवस पूर्ण घसरणीचे असतात आणि बेरीज सर्वांत खाली असते. शिखरावर असते तेव्हा मागचे दहा दिवस पूर्ण चढणीचे असतात आणि बेरीज सर्वांत वर. म्हणजे रेघेची वळणं भावाच्या वळणांशी जुळतात. उरतो तो चार दिवसांच्या सरासरीमुळे होणारा दीड दिवसाचा उशीर, आणि मग छेद होईपर्यंतचा आणखी थोडा.

लाट वेगळ्या लांबीची असली की हा मेळ बिघडतो. समजा, तेजी सहा आठवडे चालली. सुरुवातीला वेग जास्त, मग तो मंदावत जातो आणि शेवटी भाव शिखरावर पोचतो. दहा दिवसांची बेरीज वेग जिथे सर्वाधिक असतो त्याच्या थोडं पुढे आपलं शिखर गाठते, आणि भावाचं शिखर अजून बरेच दिवस दूर असतं. तिथून रेघ खाली वळते, छेद होतो, विक्रीचा संकेत येतो आणि शेअर मात्र चढतच राहतो. दीर्घ तेजीत हा इंडिकेटर एकामागून एक घाईचे विक्री-संकेत देतो, अशी तक्रार वापरणाऱ्यांकडून येते, तिचं मूळ इथे आहे. रेघेने जोर मंदावल्याचं बरोबर सांगितलेलं असतं. जोर मंदावला म्हणजे भाव पडणार, हा अर्थ आपण जोडलेला असतो.

म्हणून चार्टवर आधी एवढं पाहावं की बाजार लाटांमध्ये वरखाली होतो आहे की एकाच दिशेने निघाला आहे. पन्नास दिवसांची साधी सरासरी रेघ सरळ वर चढत असेल आणि भाव तिच्या बराच वर असेल, तर इंडिकेटरचे खाली जाणारे छेद विक्रीसाठी वापरू नयेत. भाव सरासरी रेघेच्या दोन्ही बाजूंना ये-जा करत असेल, तर दोन्हीकडचे छेद विचारात घेण्याजोगे असतात.

रात्र हिशेबात नाही

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हा इंडिकेटर बंद भावातून त्याच दिवशीचा उघडलेला भाव वजा करतो. कालच्या बंद भावाशी त्याला घेणंदेणं नाही. एखादा बाजार असा असेल की जिथे कालचा बंद भाव हाच आजचा उघडलेला भाव असतो, तर दहा दिवसांच्या चाली एकमेकींना जोडल्या जाऊन बरोबर दहा दिवसांतला एकूण बदल मिळतो. चोवीस तास चालणाऱ्या चलन बाजारात आठवड्याच्या आत जवळपास असंच असतं. तिथे हा इंडिकेटर म्हणजे दहा दिवसांत भाव किती सरकला आणि त्यासाठी किती फिरला, याचं साधं माप होतो.

आपल्याकडे तसं नाही. बाजार दिवसातून सव्वासहा तास चालतो आणि कंपन्यांचे तिमाही निकाल, अमेरिकी बाजाराची चाल, सरकारी घोषणा यांतलं पुष्कळ काही बंद वेळेत घडतं. सकाळी नऊ ते सव्वानऊच्या पूर्व-सत्रात त्या सगळ्याचा एकत्र परिणाम होऊन भाव एकदम वर किंवा खाली उघडतो. हा गॅप इंडिकेटरच्या हिशेबात येतच नाही.

एक छोटा हिशेब करून पाहा. शेअर काल ५०० ला बंद झाला. आज ५१० ला उघडून ५०५ ला बंद झाला, उद्या ५१५ ला उघडून ५१२ ला, परवा ५२० ला उघडून ५१८ ला. तीन दिवसांत शेअर १८ रुपये वाढला. इंडिकेटरच्या खात्यावर मात्र उणे ५, उणे ३ आणि उणे २, म्हणजे उणे १० जमा झाले. वाढ सगळी रात्रीत झाली आणि दिवसा रोज थोडी विक्री आली. धारकाला नफा झाला, इंडिकेटरला मंदी दिसली. दोन्ही आकडे खरे आहेत.

निफ्टीच्या इतिहासात याचं ठसठशीत उदाहरण जून २०२४ मध्ये आहे. लोकसभा निवडणुकीचं शेवटच्या टप्प्याचं मतदान शनिवार, १ जूनला झालं आणि त्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला मोठं बहुमत दाखवलं. शुक्रवारी २२,५३०.७० ला बंद झालेला निफ्टी सोमवारी, ३ जूनला, थेट २३,३३८ च्या आसपास उघडला. तोच जवळजवळ त्या दिवसाचा उच्चांक ठरला. दिवसभरात तो २३,०६२ च्या आसपास उतरला आणि २३,२६३.९० ला बंद झाला. बातम्यांत आकडा होता ७३३ अंकांची, सव्वातीन टक्क्यांची उसळी. इंडिकेटरच्या दृष्टीने मात्र निव्वळ चाल सुमारे उणे ७४ आणि पट्टा सुमारे २७६, म्हणजे दिवसाचं गुणोत्तर उणे ०.२७. विक्रमी तेजीचा दिवस त्याच्या वहीत मंदीच्या बाजूला लिहिला गेला.

दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, मतमोजणी झाली. निफ्टी २३,१७९.५० ला उघडला, तिथून वर गेलाच नाही, २१,२८१.४५ पर्यंत कोसळला आणि २१,८८४.५० ला बंद झाला. चाल उणे १,२९५, पट्टा सुमारे १,८९८, गुणोत्तर उणे ०.६८. या वेळी घसरण बाजार चालू असताना झाली, त्यामुळे इंडिकेटरने ती पूर्ण मोजली.

एक मोठा दिवस आणि त्याची सावली

४ जूनच्या दिवसाने या इंडिकेटरची आणखी एक बाजू उघडी पडते. चार दिवसांची भारित सरासरी आणि दहा दिवसांची बेरीज एकत्र केली, तर एक कँडल एकूण तेरा दिवस हिशेबात राहते. तिचं वजन पहिल्या दिवशी फक्त एक-षष्ठांश असतं, दुसऱ्या दिवशी अर्धं, तिसऱ्या दिवशी पाच-षष्ठांश, आणि चौथ्या दिवशी पूर्ण. मग सात दिवस ते पूर्ण राहतं आणि शेवटच्या तीन दिवसांत त्याच पायऱ्यांनी उतरतं.

हे ४ जूनला लावून पाहू. त्या दिवशीच्या घसरणीला इंडिकेटरने पूर्ण वजन दिलं ते चौथ्या दिवशी, शुक्रवार, ७ जूनला. तोपर्यंत निफ्टीने ५, ६ आणि ७ जूनला सावरून २३,२९०.१५ चा बंद भाव गाठला होता. म्हणजे ३ जूनच्या बंद भावाच्याही वर. घसरणीची नोंद पूर्ण झाली त्या दिवशी घसरण भरून निघालेली होती.

पुढचा भाग त्याहून फसवा आहे. साधारण दिवशी निफ्टी दोन-अडीचशे अंकांच्या पट्ट्यात फिरत असताना १,८९८ अंकांचा एक दिवस बेरजेत असला, की तोच एकटा रेघेला खाली धरून ठेवतो. मोठ्या पट्ट्याच्या दिवसाला जास्त मत, हा मघाशी पाहिलेला गुण इथे नडतो. १७ जूनला बकरी ईदची सुट्टी होती. ती सोडून मोजलं तर ४ जूनच्या कँडलचं वजन १९ जूनपासून उतरू लागतं आणि २४ जूनला ती पूर्ण बाहेर पडते. त्या तीन-चार दिवसांत बाजाराने काहीही केलं नसतं, तरी मोठा उणे आकडा निघून गेल्यामुळे रेघ वर उचलली गेलीच असती. अशा वेळी वरच्या दिशेने छेद झाला, तर तो आजच्या खरेदीमुळे झाला की तीन आठवड्यांपूर्वीचा दिवस हिशेबातून गळाल्यामुळे, हे रेघेकडे नुसतं बघून कळत नाही.

ते ओळखायचा मार्ग सोपा आहे. छेद दिसला की चार्टवर दहा ते चौदा दिवस मागे जायचं. तिथे एखादी असाधारण लांब कँडल असेल, तर छेदातला मोठा वाटा तिच्या जाण्याचा आहे असं समजावं आणि त्या संकेतावर पैसे लावू नयेत. तिथे काही विशेष नसेल आणि गेल्या चार दिवसांच्या कँडल छेदाच्याच दिशेने बंद झाल्या असतील, तर छेद आताच्या व्यवहारांतून आलेला आहे.

जिथे आकडेच अपुरे पडतात

आणखी दोन ठिकाणी सावध राहावं. छोट्या कंपनीचा शेअर सकाळीच अप्पर सर्किटला लागला आणि दिवसभर तिथेच अडकला, तर उघडलेला भाव, उच्चांक, नीचांक आणि बंद भाव चारही एकच असतात. चाल शून्य, पट्टा शून्य. खरेदीदारांची रांग लागलेली आणि विकायला कोणी तयार नाही, म्हणजे जोर शंभर टक्के एका बाजूला, पण इंडिकेटरच्या खात्यात तो दिवस कोराच राहतो. सर्किटला वारंवार लागणाऱ्या शेअरवर हा इंडिकेटर लावून काही कळत नाही.

दुसरी गोष्ट बंद भावाची. राष्ट्रीय शेअर बाजारात शेअरचा अधिकृत बंद भाव काढण्याची दीर्घकाळ चालत आलेली पद्धत म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची उलाढालीनुसार भारित सरासरी. शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो भाव यापेक्षा वेगळा असू शकतो. काही चार्टवर एक भाव असतो, काहींवर दुसरा. दोन ठिकाणी छेद एक दिवस मागेपुढे दिसला, तर त्याचं कारण बहुधा हेच असतं. एवढ्याशा फरकाने जो छेद जागा बदलतो, तो फारसा भक्कम नव्हता हेही त्यातून कळतं.

स्वतः मोजून पाहायचं असेल तर

निफ्टीचे आणि शेअरचे जुने भाव शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. एक्सेलमध्ये A रकान्यात तारीख, B मध्ये उघडलेला भाव, C मध्ये उच्चांक, D मध्ये नीचांक, E मध्ये बंद भाव, जुनी तारीख वर आणि पहिला दिवस दुसऱ्या ओळीत, असं मांडलं की ही चार सूत्रं पुरतात.

```
F5:  =((E5-B5)+2*(E4-B4)+2*(E3-B3)+(E2-B2))/6
G5:  =((C5-D5)+2*(C4-D4)+2*(C3-D3)+(C2-D2))/6
H14: =SUM(F5:F14)/SUM(G5:G14)
I17: =(H17+2*H16+2*H15+H14)/6
```

F आणि G ही चाल व पट्टा यांची चार दिवसांची सरासरी, H ही इंडिकेटरची रेघ, I ही सिग्नल रेघ. प्रत्येक सूत्र खाली ओढत न्यायचं. पहिला आकडा मिळायला तेरा दिवसांचे भाव लागतात आणि पहिली सिग्नल रेघ सोळाव्या दिवशी मिळते. याच पानावर आणखी एक रकाना करावा, असा माझा आग्रह आहे. त्यात आजचा उघडलेला भाव वजा कालचा बंद भाव, म्हणजे रोजचा गॅप लिहायचा आणि शेजारी त्याची दहा दिवसांची बेरीज ठेवायची. इंडिकेटरची रेघ खाली आणि गॅपची बेरीज मोठी अधिक, असं दिसलं तर वाढ रात्रीत होते आहे आणि दिवसा विक्री येते आहे. दोन्ही एकाच दिशेने असतील, तर रात्रीची बातमी आणि दिवसाचे सौदे एकमेकांना दुजोरा देत आहेत. चार्टवरच्या दोन रेघांपेक्षा या दोन आकड्यांची शेजारशेजार तुलना मला अधिक उपयोगी वाटते, कारण इंडिकेटर जे सांगू शकत नाही ते ती सांगते.

छेद दिसला की तीन प्रश्न विचारावेत. रेघ शून्यापासून दूर आहे का? छेद आत आलेल्या दिवसांमुळे झाला की बाहेर गेलेल्या दिवसामुळे? आणि या दहा दिवसांत भाव दिवसा हलला की रात्री? तिन्ही उत्तरं एकमेकांशी जुळली, तर बाजार चालू असतानाचा जोर कोणत्या दिशेला वळतो आहे हे कळलं, एवढं खात्रीने म्हणता येतं. उद्या भाव कुठे उघडेल हा प्रश्न या इंडिकेटरला कधी विचारलेलाच नाही, तेव्हा त्याचं उत्तर त्याच्याकडून घेऊ नये. रात्रभर शेअर हातात ठेवणाऱ्याने तो धोका वेगळा मोजावा आणि त्यानुसारच किती रक्कम गुंतवायची ते ठरवावं.